चेहरा कोणाला दाखवायचा होता?

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचे एक रेखाटन आहे. कमरेला पंचासारखे वस्त्र, बाकी अंग उघडे. उजव्या हाताची तर्जनी पोटाच्या डाव्या कुशीकडे वळवलेली, आणि तिथे पिवळ्या रंगाने भरलेले एक वर्तुळ. वर त्याच्याच हस्ताक्षरात मजकूर आहे: पिवळा डाग जिथे आहे आणि बोट जिथे टेकले आहे, तिथे दुखते. हे रेखाटन सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळातले. दूरच्या वैद्याकडे स्वतः जाणे शक्य नव्हते, म्हणून दुखणे कागदावर उतरवून पाठवावे असा हेतू त्यामागे असावा, असे कलेचे अभ्यासक मानतात. प्लीहेची जागा त्याने बरोबर दाखवली आहे.

आता याच माणसाचे दुसरे चित्र पाहावे. म्युनिकच्या आल्टे पिनाकोथेक या संग्रहालयात ते आहे, आणि त्यावर १५०० हे साल घातलेले आहे. मागे काळोखी तपकिरी पार्श्वभूमी. ड्यूरर थेट समोर पाहतो आहे, नाकाच्या दोन्ही बाजू काटेकोर सारख्या. खांद्यावर रुळणाऱ्या केसांची एकेक बट वेगळी रंगवलेली. अंगात उंची फरची कॉलर असलेला कोट, आणि उजव्या हाताची बोटे त्या फरवर. त्या काळी जर्मनीत माणसाचे व्यक्तिचित्र काढायचे तर चेहरा थोडा तिरपा ठेवत. इतका सरळ, इतका सममित चेहरा ख्रिस्ताच्या चित्रासाठी राखून ठेवलेला असे. अठ्ठावीस वर्षांच्या एका चित्रकाराने तो स्वतःसाठी घेतला.

दोन्ही आत्मचित्रेच. चेहरा एकाच माणसाचा. पण एक वैद्यासाठी आहे आणि दुसरे जगासाठी. म्हणून ‘आत्मचित्र म्हणजे चित्रकाराच्या मनाचा आरसा’ हे निबंधांच्या पहिल्या ओळीत हमखास येणारे वाक्य फारसे कामाचे नाही. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला शतकाशतकांतल्या चित्रकारांच्या हेतूंची तुलना करायची असेल, तर चेहऱ्यावरचे भाव वाचण्याआधी त्याने एक साधी चौकशी करावी: हे चित्र कोणाच्या डोळ्यांसाठी होते? ते कोणी विकत घेतले, कोणाला भेट गेले, कुठे टांगले? भाव वाचताना आपण आपलेच मन त्यात ओततो. चौकशीला मात्र बहुतेक वेळा पुरावा सापडतो.

ड्यूररच्या बाबतीत पुरावा चित्रावरच लिहिलेला आहे. म्युनिकच्या चित्रात उजवीकडे लॅटिनमध्ये मजकूर आहे. त्याचा आशय असा: न्यूरेंबर्गचा मी आल्ब्रेख्त ड्यूरर, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मी स्वतःला टिकाऊ रंगांत असे रंगवले. डावीकडे साल आणि त्याची सुप्रसिद्ध मुद्रा, म्हणजे मोठ्या ए अक्षराच्या पोटात बसवलेले डी. मजकूर जर्मनमध्ये नाही, लॅटिनमध्ये आहे, याला अर्थ आहे. लॅटिन ही पंडितांची भाषा, आणि ड्यूरर होता सोनाराचा मुलगा. न्यूरेंबर्गमध्ये चित्रकार हा सुतार-लोहारांच्या पंगतीतला कारागीर. तो इटलीला जाऊन आला तेव्हा तिथे चित्रकारांना मिळणारा मान त्याने डोळ्यांनी पाहिला. व्हेनिसहून १५०६ मध्ये आपला विद्वान मित्र पिर्कहायमर याला लिहिलेल्या पत्रात त्याने ही खंत उघड बोलून दाखवली आहे: इथे मला सद्गृहस्थ मानतात, घरी मात्र मी आश्रितासारखा. म्युनिकचे चित्र या पत्राच्या सहा वर्षे आधीचे, पण मागणी तीच. मला कारागीर समजू नका, निर्माता समजा. देवाने माणूस आपल्यासारखा घडवला, चित्रकारही घडवतो; म्हणून ख्रिस्ताची बैठक. आजच्या वाचकाला यात अहंकार दिसेल. त्या काळच्या धार्मिक माणसाला देवाचे अनुकरण करणे हे भक्तीचेही काम वाटे, हे विसरून चालत नाही.

त्याची ती मुद्रा तर पुढे कज्ज्याचा विषय झाली. ड्यूररची छापील चित्रे युरोपभर विकली जात, आणि लोक नकला काढून त्यावर त्याची मुद्रा ठोकत. १५१२ मध्ये न्यूरेंबर्गच्या नगरपरिषदेने अशा एका विक्रेत्याला ती खोटी मुद्रा काढून टाकायला लावली. चेहरा आणि मुद्रा, दोन्हींतून ड्यूरर एकच गोष्ट बजावत होता: हे काम अमुक एका माणसाचे आहे.

सुमारे सव्वाशे वर्षांनी लंडनमध्ये एका बाईला हीच गोष्ट बजवायची होती, पण तिची अडचण निराळी होती. आर्तेमिसिया जेंतिलेस्की रोममध्ये जन्मली १५९३ मध्ये. वडील ओराझिओ चित्रकार, त्यांच्याच हाताखाली ती शिकली. १६३८ च्या सुमारास ती इंग्लंडला आली, कारण वडील तिथे राजा पहिला चार्ल्स याच्या दरबारी काम करत होते. त्या दिवसांतले म्हणून मानले जाणारे तिचे चित्र आजही इंग्लंडच्या राजसंग्रहात आहे. त्यात एक बाई कॅनव्हासवर झुकली आहे. उजवा हात कुंचल्यासह उंच उचललेला, बाही कोपरापर्यंत सरकवलेली, डाव्या हातात पॅलेट. केस विसकटलेले. गळ्यातल्या सोन्याच्या साखळीला एक छोटा मुखवटा लोंबतो आहे. ती आपल्याकडे बघतच नाही. तिचे लक्ष कामावर आहे.

या चित्राची किल्ली एका पुस्तकात आहे. चेझारे रीपा नावाच्या इटालियन लेखकाने ‘इकोनोलोजिया’ हा ग्रंथ लिहिला होता. सत्य, न्याय, चित्रकला अशा अमूर्त कल्पना माणसाच्या रूपात कशा दाखवाव्यात, याचे ते चित्रकारांसाठीचे मार्गदर्शक. चित्रकला कशी दाखवावी? रीपा सांगतो: सुंदर स्त्री, काळे दाट विसकटलेले केस, गळ्यात मुखवटा लावलेली सोन्याची साखळी, रंग पालटणाऱ्या कापडाचा पोशाख, हातात कुंचला. आणि तोंडावर फडके बांधलेले, कारण चित्र बोलत नाही.

आर्तेमिसियाने केस घेतले, साखळी घेतली, मुखवटा घेतला, पोशाखाची हिरवी चमक घेतली. फडके तेवढे वगळले.

इथे विद्यार्थ्याने थांबावे. कारण तुलनेचा खरा माल इथे आहे. चित्रकला ही कल्पनाच स्त्रीरूपात दाखवली जात असल्यामुळे आर्तेमिसियाला असे काही करता आले जे ड्यूररला किंवा कोणत्याही पुरुष चित्रकाराला करता आले नसते: ‘मी चित्रकार आहे’ आणि ‘मी चित्रकला आहे’ ही दोन विधाने तिने एकाच चेहऱ्यात मांडली. स्त्री चित्रकार ही तेव्हा लोकांना नवलाची वस्तू वाटे. तिच्या आधीच्या पिढीतली सोफोनिस्बा आंग्विसोला हिच्या वडिलांकडे आन्निबाले कारो या लेखकाने १५५८ मध्ये तिच्या आत्मचित्राची मागणी केली, आणि कारणही मोकळेपणाने लिहिले: चित्र आणि ते काढणारी, अशी दोन आश्चर्ये मला एकत्र दाखवता येतील. बाईच्या आत्मचित्राला गिऱ्हाईक होते, पण ते असे. आर्तेमिसियाने त्या गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवली. तिचा चेहरा तिरका, अर्धा सावलीत, खालच्या बाजूने पाहिल्यासारखा. आपला चेहरा एका बाजूने असा बघायचा तर एक आरसा पुरत नाही, दोन आरसे एकमेकांशी कोनात लावावे लागतात. नटलेल्या बाईचे रूप दाखवायचे असते तर समोरचा एक आरसा पुरला असता. तिला राबणारी बाई दाखवायची होती.

काही अभ्यासकांना हा चेहरा खरोखर तिचाच आहे का, याबद्दल शंका आहे, कारण तिचे वय तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास आणि चित्रातली स्त्री तरुण वाटते. निबंधात ही शंका लपवू नये. ती मांडूनही म्हणता येते की ओळखीची नोंद चेहऱ्यापेक्षा कृतीत आहे. आणि चेहरा हुबेहूब असावा, ही अपेक्षा तरी कुठून आली, हा प्रश्न पुढच्या चित्रकाराकडे घेऊन जातो.

रेम्ब्रांटने स्वतःला जितक्या वेळा काढले तितके त्याच्या काळात क्वचितच कोणी काढले असेल. रंगवलेली सुमारे चाळीस चित्रे, एकतीस एचिंगचे ठसे, शिवाय काही रेखाटने. लायडनमधल्या विशीतल्या मुलापासून १६६९ मध्ये, मृत्यूच्या वर्षी, काढलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या थकलेल्या चेहऱ्यापर्यंत. साहजिकच सगळे म्हणतात की ही त्याची रंगांतली रोजनिशी. शाळेच्या निबंधांत तर हे वाक्य ठरलेले. ते तपासून पाहण्याची चांगली सोय आहे, कारण रेम्ब्रांटच्या आयुष्याचे बरेच कागद शिल्लक आहेत.

सुरुवातीची छोटी एचिंग घ्यावीत. १६३० मधले एक जेमतेम पाच सेंटीमीटर उंचीचे आहे: डोक्यावर टोपी, डोळे विस्फारलेले, ओठ विलग, जणू एकदम कोणी दचकवले आहे. दुसऱ्यात तो हसतो, तिसऱ्यात कपाळाला आठ्या घालतो. हे सगळे त्याला त्या दिवशी वाटत होते म्हणून नव्हे. बायबलमधल्या प्रसंगांत भीती, आश्चर्य, राग दाखवावा लागे, आणि त्याचा सराव करायला स्वतःच्या चेहऱ्याइतके स्वस्त आणि आज्ञाधारक माणूस मिळत नसे. रेम्ब्रांटचा शिष्य होखस्ट्राटेन याने पुढे लिहिलेल्या ग्रंथात नवशिक्यांना हाच सल्ला दिला आहे: आरशासमोर उभे राहून भावना स्वतः करून बघा. नाटकाची तालीम आणि रोजनिशी यांत फरक आहे.

मग १६३९. अॅमस्टरडॅममध्ये एका लिलावात राफाएलने काढलेले बाल्दास्सारे कास्तिल्योने या इटालियन दरबाऱ्याचे चित्र विकायला आले. रेम्ब्रांट तिथे हजर होता. त्याने जागेवरच चित्राची झटपट नक्कल कागदावर टिपली आणि शेजारी किंमत लिहून ठेवली, ३,५०० गिल्डर. तो कागद व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. ते चित्र आल्फोन्सो लोपेझ या धनिकाने घेतले, आणि त्याच्याकडेच तिशियनचे एक पुरुष-व्यक्तिचित्रही होते: कठड्यावर टेकलेला हात, फुगीर बाही. पुढच्याच वर्षी रेम्ब्रांटने स्वतःला रंगवले. कठड्यावर हात टेकलेला, बाही फुगीर, अंगावर शंभर वर्षांपूर्वीच्या पद्धतीचा पोशाख. हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तो तेव्हा चौतीस वर्षांचा होता, नुकतेच १३,००० गिल्डरला मोठे घर घेतले होते. चित्र सांगते: राफाएल आणि तिशियन यांच्या शेजारी माझीही जागा आहे. त्यासाठी त्याला हॉलंडबाहेर पाऊलही टाकावे लागले नाही. तो इटलीला कधी गेलाच नाही.

हेच घर त्याला भोवले. हप्ते थकले, कर्ज वाढले, आणि १६५६ मध्ये दिवाळे निघाले. न्यायालयाच्या माणसांनी घरातल्या प्रत्येक खोलीतल्या वस्तूंची यादी केली. ती यादी आजही वाचता येते: चित्रे, शिंपले, शस्त्रे, पुतळे, कोरीव कामाच्या वह्या, अशा ३६३ नोंदी. या यादीत रेम्ब्रांटचे एकही आत्मचित्र नोंदलेले नाही, याकडे रेम्ब्रांटचे मोठे अभ्यासक एर्न्स्ट व्हान द वेटरिंग यांनी लक्ष वेधले. रोजनिशी असती तर ती घरात सापडली असती. ती विकली गेली होती. प्रसिद्ध चित्रकाराने स्वतः काढलेला स्वतःचा चेहरा ही संग्राहकांना हवीशी वस्तू होती: त्यात माणूसही मिळे आणि त्याची हातोटीही. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या संग्रहात तरुण रेम्ब्रांटचे आत्मचित्र त्याआधीच पोचले होते. फ्लॉरेन्सला लेओपोल्दो दे मेदिची हा कार्डिनल चित्रकारांच्या आत्मचित्रांचाच संग्रह जमवत होता.

मग उतारवयातली ती चित्रे? न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहातले १६५८ मधले चित्र बघताना विकण्याचा हेतू एवढेच उत्तर अपुरे वाटते. त्याच वर्षी घराचा लिलाव झाला होता. चित्रात मात्र तो सोनेरी वस्त्रात, हातात काठी धरून सिंहासनावर बसल्यासारखा बसला आहे. चित्राची उंची जवळजवळ सव्वा मीटरच्या पुढे. याला बाजारातला डाव म्हणावे, की हरलेल्या माणसाने ताठ ठेवलेली मान? दोन्ही म्हणता येते, आणि एकाने दुसरे खोटे ठरत नाही. माणूस विकण्यासाठी चित्र काढतो म्हणून ते खोटे होत नाही.

हाताचा पुरावा आणखी बोलका आहे, आणि तो क्ष-किरणांनी दिला. जुन्या तैलचित्रांत पांढरा रंग शिशापासून केलेला असे, आणि शिसे क्ष-किरण अडवते. म्हणून चित्राचा क्ष-किरण काढला की वरच्या थराखाली आधी कुठे उजळ रंग लावला होता ते दिसते. लंडनच्या केनवुड हाऊसमधले, मागे दोन मोठी वर्तुळे असलेले आत्मचित्र असे तपासले गेले. आज त्यात पॅलेट आणि कुंचले डाव्या हातात आहेत. आधी ते उलटे होते. रेम्ब्रांट उजव्या हाताने काम करी. आरशात तो हात डावा दिसतो. त्याने प्रथम आरशात दिसले तसे रंगवले आणि नंतर बदलून खऱ्यासारखे केले. नॅशनल गॅलरीतल्या १६६९ च्या शेवटच्या चित्रांपैकी एकात तर त्याने आधी हातात कुंचला दिला होता, मग तो पुसला आणि हात नुसते जोडून ठेवले. चित्रकार म्हणून दिसावे की फक्त म्हातारा माणूस म्हणून, हा निर्णय त्याने कुंचला हातात असतानाच बदलला. हेतू आधी ठरतो आणि मग चित्र निघते, असे समजणाऱ्या निबंधाने हे एवढे हात जरूर बघावेत.

आरशाची उलट फसवणूक सगळ्यात जास्त झाली ती व्हिन्सेंट व्हान गॉखच्या बाबतीत. २३ डिसेंबर १८८८ रोजी रात्री त्याने आर्ल गावात आपला डावा कान कापला. जानेवारी १८८९ मध्ये रुग्णालयातून घरी आल्यावर त्याने कानाला पट्टी बांधलेली दोन आत्मचित्रे काढली, आणि दोन्हींत पट्टी उजव्या कानावर दिसते. त्याने आरशात दिसले तसेच ठेवले. लंडनच्या कोर्टोल्ड गॅलरीतल्या चित्रात त्याच्या अंगात जाड कोट आणि डोक्यावर फरची टोपी आहे. मागे इझल, भिंतीवर एक जपानी ठसा. वेदनेचे चित्र म्हणून ते सांगितले जाते. पण नीट बघितले तर त्यात कामाच्या सगळ्या वस्तू जागच्या जागी आहेत. त्या आठवड्यांत तो भाऊ थिओला पत्रांतून धीर देत होता की आपण पुन्हा कामाला लागलो आहोत. जखम झाकून ठेवलेली आहे. उघडे आहे ते इझल.

व्हान गॉखच्या सुमारे पस्तीस आत्मचित्रांपैकी बहुतेक मार्च १८८६ ते फेब्रुवारी १८८८ या पॅरिसमधल्या दोन वर्षांतली. इतकी का? उत्तर हेलावून टाकणारे नाही, पण खरे आहे. समोर बसणाऱ्या माणसाला पैसे द्यावे लागत, आणि ते त्याच्याकडे नव्हते. पुढे आर्लहून त्याने थिओला कळवले की चांगलासा आरसा मुद्दाम विकत घेतला आहे, कारण स्वतःच्या चेहऱ्याचे रंग साधले तर इतरांचेही साधतील. कॅनव्हासचेही तेच. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्याचे गवती टोपीतले १८८७ चे आत्मचित्र आहे. ते उलटून पाहिले तर मागे १८८५ मधली बटाटे सोलणारी शेतकरी बाई दिसते. हॉलंडमधले जुने चित्र पालथे करून त्याने मागच्या बाजूला स्वतःला रंगवले. पुढच्या बाजूला पिवळ्या-निळ्या छोट्या फटकाऱ्यांचा चेहरा, मागे मातकट काळोख. अडीच वर्षांत त्याच्या रंगात काय घडले, ते एका कॅनव्हासच्या दोन पाठींवर मिळते.

आणि सप्टेंबर १८८९ च्या आसपासची दोन चित्रे शेजारी ठेवावीत. तेव्हा तो सेंट रेमीच्या मनोरुग्णालयात होता. एक पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातले: निळसर कोट, लाल दाढी, मागे भोवऱ्यांसारखी वळणारी निळी-हिरवी पार्श्वभूमी, नजर रोखलेली. दुसरे छोटे आहे. त्यात दाढी सफाचट, चेहरा तरुण आणि साधा, खेड्यातल्या कष्टकऱ्याचा. हे त्याने आईला, तिच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने भेट दिले. मुलगा रुग्णालयात आहे हे ठाऊक असलेल्या म्हाताऱ्या आईला ओर्सेमधले चित्र पाठवता आले नसते. एकाच ऋतूत एकाच माणसाने दोन चेहरे काढले आणि दोन्ही प्रामाणिक होते. फक्त बघणारे डोळे वेगळे होते.

विसाव्या शतकात आत्मचित्रातला ‘मी’ हा उघडपणे विषय झाला, आणि विद्यार्थ्यांना यासाठी पहिली आठवते ती मेक्सिकोची फ्रिडा काहलो. १७ सप्टेंबर १९२५ रोजी बसच्या अपघातात तिचे शरीर मोडले, अंथरुणावर पडून राहावे लागले, आणि पलंगाच्या छताला लावलेल्या आरशात बघून ती स्वतःला रंगवू लागली. तिचे दुःख खरेच होते. पण तिच्या चित्रांवर लिहिलेली नावे वाचली तर तिथेही पत्ता सापडतो. १९२६ चे मखमली पोशाखातले पहिले मोठे आत्मचित्र दुरावत चाललेल्या प्रियकरासाठी होते. १९३७ चे एक लिऑन ट्रॉट्स्कीला अर्पण केलेले. १९४० चे एक तिचे डॉक्टर लिओ एलोएसर यांना, आणि तसे चित्रातल्या फितीवर लिहिलेले आहे. तिची आत्मचित्रे अनेकदा पत्रे होती. त्यातले शब्द समजायचे तर ती कोणाला लिहिली ते आधी पाहावे लागते.

भारतात या प्रश्नाला सर्वांत गुंतागुंतीचे उत्तर देते ती अमृता शेरगिल. १९१३ मध्ये बुडापेस्टला जन्म, आई हंगेरियन, वडील उमरावसिंग शेरगिल पंजाबी सरदार घराण्यातले. हे वडील स्वतः छायाचित्रकार होते आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांनी स्वतःचीच असंख्य छायाचित्रे काढली: कधी पुस्तकांत बुडालेले, कधी उघड्या अंगाने योगाभ्यासात. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे राहून ‘आपण कोण दिसावे’ हे ठरवण्याचा खेळ तिने लहानपणापासून घरात पाहिला होता. किशोरवयात ती पॅरिसला शिकायला गेली आणि तिथल्या ‘एकोल दे बोझार’ मध्ये दाखल झाली. तिची एकोणीसेक आत्मचित्रे माहीत आहेत, आणि बहुतेक त्याच काळातली. कुठे लाल ओठांनी हसणारी, कुठे उदास, कुठे युरोपीय पोशाखात, कुठे कानात मोठे डूल घालून. पॅरिसला ती पौर्वात्य वाटे, आणि ती ते कधी वापरते, कधी झुगारते.

१९३४ चे ‘ताहितीच्या स्त्रीच्या रूपातील आत्मचित्र’ हा या सगळ्याचा शेवटचा टप्पा. चित्र आता दिल्लीच्या किरण नादर संग्रहालयात आहे. अमृता एकवीस वर्षांची. कमरेच्या वरचे अंग उघडे, काळे केस मागे सैल बांधलेले, दोन्ही हात पोटाशी एकावर एक. मान वळवलेली, नजर चित्राबाहेर कुठेतरी. मागे जपानी ठशांची आठवण करून देणाऱ्या आकृत्या. आणि तिच्यावर व तिच्यामागे एका पुरुषाची गडद सावली.

या चित्राच्या पोटात पॉल गोगँ आहे. १८९१ मध्ये तो ताहिती बेटावर गेला आणि तिथल्या सावळ्या, अर्धनग्न स्त्रिया त्याने पॅरिसच्या बाजारासाठी रंगवल्या. अमृताला गोगँ आवडत होता. रंगांची सपाट, शांत मांडणी तिने त्याच्याकडून घेतली. पण गोगँच्या चित्रांत चितारणारा पुरुष युरोपीय आणि चितारली जाणारी स्त्री दूरदेशीची, ही वाटणी पक्की होती. इथे कुंचला आणि उघडे शरीर, दोन्ही एकाच सावळ्या तरुणीचे आहेत. ती बघणाऱ्याला नजर देत नाही आणि लाजतही नाही. सावलीतला पुरुष गोगँ आहे, प्रेक्षक आहे, की पॅरिसमधले तिचे शिक्षक, हे ठामपणे सांगता येत नाही, आणि निबंधात ते ठामपणे सांगूही नये. चित्रात दिसते ते एवढे की सावली आहे आणि ती तिच्याकडे वळून पाहत नाही. सातासमुद्रापलीकडच्या ताहिती स्त्रियांचे रूप एका भारतीय-हंगेरियन श्रीमंत मुलीने घ्यावे, यात तिचाही काही अधिकार ओलांडला गेला का, हा प्रश्न आजचे अभ्यासक विचारतात, आणि तो योग्य आहे. ताहितीची ती खरी स्त्री या चित्रातही बोलत नाही.

आर्तेमिसियाने रीपाच्या पुस्तकातले रूप घेतले आणि फडके टाकले. अमृताने गोगँच्या भिंतीवरचे रूप घेतले आणि नजर टाकली. दोघींनी पुरुषांनी तयार करून ठेवलेला साचा वापरला. पण आर्तेमिसियाला राजदरबारात आपले काम सिद्ध करायचे होते, आणि अमृताला पॅरिस सोडण्याआधी पॅरिसचा हिशेब पुरा करायचा होता. साधर्म्य पद्धतीत आहे, फरक गरजेत. तुलनात्मक निबंधाला अशी जोडी मिळाली की तो आपोआप उभा राहतो. ड्यूररपासून काहलोपर्यंत सर्वांची ओळीने नावे घेण्यापेक्षा दोन चित्रे पूर्ण बघणे कितीतरी अधिक देते.

त्याच वर्षाच्या अखेरीस अमृता भारतात परतली. त्यानंतर आत्मचित्रांचा ओघ जवळजवळ आटला. ती इतरांकडे वळली: १९३५ मध्ये ‘तीन मुली’ हे चित्र काढले, तीन तरुणी एकमेकींशेजारी बसलेल्या, कोणीच कोणाकडे न पाहणाऱ्या. १९३६ च्या अखेरीस ती मुंबईला आली, ताजमहाल हॉटेलात तिचे प्रदर्शन भरले, कार्ल खंडालावाला या कलासमीक्षकाशी तिची मैत्री झाली. अजिंठ्याच्या लेण्यांत जाऊन तिने भिंतींवरचे ते तपकिरी, लांब डोळ्यांचे चेहरे पाहिले, आणि पुढच्या चित्रांतल्या माणसांच्या रंगात ते उतरले. १९३७ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ला सुवर्णपदक दिले. आरशात बघून आपण कोण हे ठरवण्याची गरज तिला आता उरली नव्हती असे वाटते. त्या तिघींच्या खाली वळलेल्या नजरा मात्र ताहितीच्या चित्रातल्या नजरेच्या सख्ख्या बहिणी आहेत.